'लगतचा वरचा टप्पा' म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न: आमच्या वेतन करारात 'सुधारित श्रेणीतील लगतच्या वरच्या टप्प्यावर वेतन निश्चित होईल' असं आहे. रक्कम बरोबर टप्प्याएवढीच आली तर काय करायचं? आणि 'प्रभावी तारीख' म्हणावं की दुसरं काही?

'लगतचा वरचा' म्हणजे शब्दशः त्या रकमेहून जास्त असलेला पहिला टप्पा. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या मनात 'त्याएवढा किंवा वरचा' असतं, पण कागदावर ते उतरलेलं नसतं.

समजा, जुनी श्रेणी 12000-400-16000 आणि नवी 15000-500-20000 आहे, आणि जुन्या मूळ वेतनात 2,500 रुपये मिळवायचे ठरले आहेत. ज्याचं मूळ वेतन 14,400 आहे त्याचे 16,900 होतात. तो 17,000 वर बसतो; इथे कुणाचा वाद नाही. पण 14,000 वाल्याचे होतात 16,500, आणि नव्या श्रेणीत 16,500 हा टप्पाच आहे. व्यवस्थापन त्याला तिथेच ठेवील, युनियन म्हणेल 'वरचा' लिहिलंय, 17,000 द्या. शब्दांवर बोट ठेवलं तर युनियनचं म्हणणं खरं ठरतं, पण मग 400 रुपयांनी मागे असलेला माणूस 14,400 वाल्याच्या बरोबरीला येतो, आणि आता तक्रार त्या ज्येष्ठाची. म्हणून वाक्य असं हवं: 'येणारी रक्कम एखाद्या टप्प्याएवढी असल्यास त्याच टप्प्यावर, दोन टप्प्यांच्या मध्ये असल्यास त्यांतील वरच्या टप्प्यावर वेतन निश्चित केले जाईल.' लांबलं, पण भांडण मिटलं.

'प्रभावी' मराठीत भाषण असतं, औषध असतं. तारखेला 'अंमलाची तारीख' म्हणा, किंवा सरळ 'दि. 1 एप्रिल 2024 पासून लागू' लिहा. तारीख मात्र लिहाच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने घालून दिलेला नियम असा की, तारीख ठरलेली नसेल तर करार सह्या झाल्या त्या दिवसापासून अंमलात येतो. सह्या 14 ऑगस्टला झाल्या असतील तर एप्रिलपासूनची थकबाकी गेलीच. नुसतं 'पूर्वलक्षी प्रभावाने' लिहूनही भागत नाही, कारण मागे कुठपर्यंत जायचं हे तो शब्द सांगत नाही.

थकबाकीच्या अटीत 'कामावर असलेले कामगार' हा शब्दप्रयोगही टाळा. त्या दिवशी रजेवर असलेला कामावर होता की नव्हता? 'पटावर असलेले' लिहिलं की रजेवरचा आपोआप आत येतो. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना द्यायचं असेल तर तेही वेगळं लिहावं लागतं: 'दि. 1 एप्रिल 2024 रोजी पटावर असलेल्या व त्यानंतर निवृत्त झालेल्या कामगारांना निवृत्तीच्या दिवसापर्यंतची, तो दिवस धरून, थकबाकी मिळेल.' यातलं 'तो दिवस धरून' गाळू नका. एकट्या 'पर्यंत'वर एका दिवसाच्या पगाराचा वाद रंगतो.