पाचवा महिना चालू आहे. सर्दीने नाक बंद आहे, अंग दुखतंय. घरात सर्दीची गोळी आहे, ती घेतली तर चालेल का?

ती गोळी घेऊ नका. आधी पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत तीन-चार औषधं एकत्र असतात: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, शिंका आणि वाहतं नाक थांबवायला क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, नाक मोकळं करायला फेनिलेफ्रिन. पहिली दोन गरोदरपणात सहसा चालतात. अडतं ते फेनिलेफ्रिनपाशी. ते रक्तवाहिन्या आकसून नाकाची सूज उतरवतं, पण पोटात घेतलं की परिणाम नाकापुरता राहत नाही. बीपी वाढू शकतं, वारेकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. शिवाय गोळीतून घेतल्यावर नाक मोकळं करायला त्याचा फारसा उपयोगही होत नाही. बीपीचा त्रास असेल तर ते अजिबातच नको.

म्हणून एका त्रासाला एकच औषध घ्या. अंगदुखीला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी; गरज पडली तरच सहा तासांनी दुसरी. यकृताचा आजार असेल तर तीही डॉक्टरांना विचारून. सोबत दुसरी सर्दीची गोळी घेतलीत तर पॅरासिटामॉल नकळत दुप्पट जातं, ही चूक फार होते. ताप असेल तर तो अंगावर काढू नका, तापही बाळाला चांगला नाही.

नाकासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब किंवा स्प्रे दिवसातून कितीही वेळा चालतो, आणि झोपताना उशी उंच ठेवली की रात्र बरी जाते. झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही तीनच दिवस. जास्त दिवस घातले तर थेंबांचा असर उतरताच नाक पुन्हा चोंदतं आणि मग ते सुटत नाहीत.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर या गटातल्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. तुम्ही आत्ता विसाव्या आठवड्याच्या आसपासच आहात. डॉक्टरांनी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती सर्दीमुळे बंद करू नका.

घसा दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या टाळा. त्यातलं आयोडीन शरीरात शोषलं जाऊन बाळाच्या थायरॉइडवर परिणाम करू शकतं. खोकल्याच्या औषधात कोडीन किंवा अल्कोहोल नको. अँटिबायोटिकने विषाणूची सर्दी बरी होत नाही, घरातलं उरलेलं घेऊ नका.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फ्लू असेल तर त्याचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं.