परिघीय प्रतिबल आणि अनुदैर्घ्य जोड : एकाच सूत्रात दोन दिशा?

प्रश्न : «पातळ भिंतीच्या दंडगोलाकार दाबपात्राची जाडी काढताना परिघीय प्रतिबलाच्या सूत्रात अनुदैर्घ्य जोडाची कार्यक्षमता घातलेली दिसते आणि अनुदैर्घ्य प्रतिबलाच्या सूत्रात परिघीय जोडाची. हा मुद्रणदोष आहे, की ‘अनुदैर्घ्य’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला आहे?»

मुद्रणदोष नाही, सूत्रे बरोबर आहेत. ‘अनुदैर्घ्य’ या शब्दाचा अर्थही दोन्ही ठिकाणी एकच आहे, म्हणजे ‘लांबीला अनुसरून असलेला’. फरक आहे तो हे विशेषण कशाला लावले आहे त्यात. प्रतिबलाला लावले की ते ओढ कोणत्या दिशेला आहे हे सांगते. जोडाला लावले की जोडाची रेषा पात्रावर कोणत्या दिशेने गेली आहे हे सांगते. आणि कोणताही जोड उघडतो तो त्याच्या रेषेला काटकोनात असलेल्या ओढीमुळे. म्हणून लांबीला धरून गेलेल्या जोडाची परीक्षा घेराच्या दिशेची ओढ घेते आणि घेराभोवती फिरलेल्या जोडाची परीक्षा लांबीच्या दिशेची ओढ घेते. घट्ट बाहीची लांबीला धरून असलेली शिवण दंडाचा घेर वाढला की उसवते, बाही लांबीला ओढल्याने नव्हे, हे डोळ्यांसमोर आणले की शब्दांचा हा विरोध मिटतो.

हे केवळ संकेत म्हणून पाठ करण्यापेक्षा सूत्र कसे आले ते पाहणे चांगले, कारण जोडाचे नाव तिथेच ठरते. आतील व्यास d आणि भिंतीची जाडी t असलेला दंडगोल अक्षातून जाणाऱ्या प्रतलाने उभा चिरला, आणि त्याच्या L लांबीच्या अर्ध्या भागाचा विचार केला. आतील दाब p प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाला लंब ढकलतो, पण त्या सगळ्या बलांची बेरीज चिरलेल्या प्रतलावरील आयताएवढ्या क्षेत्रावर लावलेल्या दाबाइतकी, म्हणजे p·d·L, भरते. या बलाला विरोध करायला चिरलेल्या भिंतीच्या दोन पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीचे क्षेत्र t·L आहे. लांबी दोन्हीकडून निघून जाते आणि परिघीय प्रतिबल pd/2t उरते. आता या छेदाची रेषा पाहा : ती पात्राच्या लांबीला धरून गेली आहे. प्लेट वाकवून दंडगोल केल्यावर जिथे तिची दोन टोके वेल्डने जोडतात, ती रेषाही हीच असते. म्हणजे अनुदैर्घ्य जोड नेमका त्या पट्टीत येतो, ज्या पट्टीतून परिघीय ओढ पलीकडे जाते.

दुसरा छेद अक्षाला लंब घेतला तर दाबाचे बल वर्तुळाकार क्षेत्रावर, म्हणजे p·πd²/4, येते आणि त्याला विरोध करणारे कडे π·d·t क्षेत्राचे असते. प्रतिबल pd/4t निघते, पहिल्याच्या बरोबर निम्मे. ही छेदरेषा घेराभोवती फिरलेली आहे आणि दंडगोलाचे दोन तुकडे एकमेकांना किंवा दंडगोल डिश एंडला जिथे जोडतात, तो परिघीय जोड तिथेच असतो. वेल्ड सलग प्लेटइतकी भरवशाची धरता येत नाही, म्हणून जोडाची कार्यक्षमता η हा एकापेक्षा लहान किंवा एकाइतका गुणक त्या त्या छेदातील धातूच्या ताकदीला लावतात. अनुज्ञेय प्रतिबल σ मानले तर जाडीच्या दोन अटी अशा होतात :

```
t ≥ p·d / (2·σ·η_l)    परिघीय प्रतिबल, अनुदैर्घ्य जोड
t ≥ p·d / (4·σ·η_c)    अनुदैर्घ्य प्रतिबल, परिघीय जोड
```

यातील जी जाडी मोठी ती घ्यायची. इथे η_l मधील l हा जोडाच्या रेषेचा आहे, प्रतिबलाच्या दिशेचा नाही. गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा या एका अक्षरात असते.

ही अदलाबदल झाली तर काय होते ते आकड्यांनी पाहू. आतील व्यास १२०० मिमी, दाब १.५ मेगापास्कल आणि अनुज्ञेय प्रतिबल १२० मेगापास्कल धरू. अनुदैर्घ्य जोडाची अंशतः क्ष-किरण तपासणी झाली आहे म्हणून त्याची कार्यक्षमता ०.८५ आणि परिघीय जोडाची तशी तपासणी झालेली नाही म्हणून त्याची ०.७० धरू. पहिल्या अटीने १८०० भागिले २०४, म्हणजे ८.८२ मिमी जाडी लागते. दुसऱ्या अटीने १८०० भागिले ३३६, म्हणजे ५.३६ मिमी. म्हणून ८.८२ मिमी. नावे जुळवून, म्हणजे परिघीय प्रतिबलाला परिघीय जोडाची कार्यक्षमता लावून हिशोब केला असता तर १८०० भागिले १६८, म्हणजे १०.७१ मिमी आली असती. पात्र सुरक्षित राहिले असते, पण जवळजवळ दोन मिलिमीटर धातू विनाकारण गेला असता.

खरा धोका उलट परिस्थितीत आहे. समजा तपासणी परिघीय जोडाची झाली आहे आणि अनुदैर्घ्य जोडाची नाही, म्हणजे η_c ०.८५ आणि η_l ०.७० आहे. आता बरोबर जाडी १०.७१ मिमी येते, पण नावे जुळवणारा ८.८२ मिमी काढून थांबेल. त्या जाडीत अनुदैर्घ्य जोडाची खरी कार्यक्षमता घालून पाहिले तर प्रतिबल १२० ऐवजी सुमारे १४६ मेगापास्कल निघते, म्हणजे अनुज्ञेय मर्यादेपेक्षा जवळपास एकवीस टक्के जास्त. या चुकीत काळजीची गोष्ट अशी की उत्तर पाहून ती ओळखता येत नाही, कारण ८.८२ हा आकडा आधीच्या पात्रासाठी अगदी बरोबर होता. ती पकडण्याचा मार्ग एकच : प्रत्येक η शेजारी त्या जोडाचे रेखाटनावरील स्थान लिहावे आणि त्या रेषेला काटकोनात जाणारी ओढ कोणती, हे स्वतःला विचारावे.

आपल्या शंकेचे उत्तर प्रत्यक्ष संहितेच्या भाषेतही मिळते. एएसएमईच्या दाबपात्र संहितेत, आठव्या विभागाच्या पहिल्या भागात, दंडगोलाच्या जाडीची दोन सूत्रे आहेत आणि त्यांची शीर्षके मराठीत आणली तर ‘परिघीय प्रतिबल, अनुदैर्घ्य जोड’ आणि ‘अनुदैर्घ्य प्रतिबल, परिघीय जोड’ अशीच होतात. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून तिथे प्रतिबल आणि जोड ही दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. मराठीतही हाच रिवाज पाळावा असे माझे ठाम मत आहे. नुसते ‘अनुदैर्घ्य कार्यक्षमता’ असे लिहिणे टाळावे, कारण त्यात विशेषण कोणाचे, जोडाचे की प्रतिबलाचे, हे वाचकाला कळत नाही. ‘अनुदैर्घ्य जोडाची कार्यक्षमता’ असे पूर्ण लिहावे.

संहितेतील पहिल्या सूत्रात आतील त्रिज्या R वापरतात आणि भागाकाराच्या रेषेखालच्या पदात किंचित बदल असतो. तिथे अनुज्ञेय प्रतिबलाला S, कार्यक्षमतेला E आणि दाबाला P म्हणतात :

```
t = P·R / (S·E − 0.6·P)
```

वरच्या पहिल्या पात्राला हे लावले तर ८.९० मिमी मिळते, म्हणजे साध्या सूत्रापेक्षा दहा शतांश मिलिमीटरहून कमी फरक. वजा केलेला ०.६P हा भाग भिंतीच्या आतल्या बाजूला प्रतिबल सरासरीपेक्षा थोडे जास्त असते याची भरपाई करतो. व्यास जाडीच्या वीस पट असताना आतल्या पृष्ठभागावरील नेमके प्रतिबल दाबाच्या १०.५ पट येते, तर pd/2t ते दहा पट सांगते; म्हणजे पाच टक्क्यांची तूट. आपल्या पात्रात हे प्रमाण १३६ पट आहे, म्हणून ‘पातळ भिंत’ हे विशेषण तिथे बिनधास्त लावता येते. वीस पटीच्या खाली मात्र साधे सूत्र सोडून द्यावे. ८.९० मिमीवर गंजासाठी १.५ मिमी धरले की सुमारे १०.४ मिमी होते आणि मग १२ मिमीची प्लेट घेतात.

कार्यशाळेतील बोलण्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. तिथे ‘लाँग सीम’ आणि ‘सर्क सीम’ हे शब्द रुळलेले आहेत आणि ते जोडाच्या रेषेवरूनच पडले आहेत, त्यामुळे त्यांत घोटाळा नाही. ‘उभा जोड’ आणि ‘आडवा जोड’ हे मराठी शब्द मात्र जपून वापरावेत. पात्र उभे असताना लांबीचा जोड उभा दिसतो, पण तेच पात्र खोगीर-आधारांवर आडवे ठेवले की तोच जोड आडवा होतो, आणि लिहून ठेवलेली तपासणीची नोंद चुकीच्या वेल्डला लागू शकते. ‘लांबीचा जोड’ आणि ‘घेराचा जोड’ हे शब्द पात्र कसेही ठेवले तरी बदलत नाहीत.

हाच नियम तड्यालाही लागू होतो. जलदाब चाचणीत दंडगोल फुटला आणि अहवालात ‘अनुदैर्घ्य तडा’ असे आले, तर तो तड्याच्या रेषेचा उल्लेख आहे आणि फाडणारी ओढ परिघीय होती असे वाचायचे. जोड समान ताकदीचे असतील तर तडा असाच लांबीला धरून जाणे अपेक्षित असते, कारण घेराची ओढ लांबीच्या ओढीच्या दुप्पट आहे. तडा घेराभोवती फिरलेला दिसला तर तिथला वेल्ड दोषयुक्त होता की दाबाशिवाय आणखी एखादा भार होता, हे शोधावे लागते.

ही शेवटची शक्यता जाडीच्या हिशोबातही विसरून चालत नाही. केवळ दाबाचा विचार केला तर दुसरी अट पहिलीवर मात करते ती η_c हा η_l च्या निम्म्याहून कमी असेल तेव्हाच, आणि चांगल्या बट वेल्डमध्ये असे सहसा होत नाही. पण उंच उभ्या स्तंभावर वाऱ्याचा वाकवणारा भार येतो, आडव्या पात्राच्या आधारांमधील भाग स्वतःच्या आणि आतल्या द्रवाच्या वजनाने वाकू पाहतो, आणि हे दोन्ही भार लांबीच्या दिशेच्या ओढीत भर घालतात. अशा पात्रात दाबामुळे आलेल्या pd/4t मध्ये वाकण्याचे प्रतिबल मिळवून ती बेरीज परिघीय जोडाच्या कार्यक्षमतेशी ताडून पाहावी. स्तंभाच्या तळाजवळ कधी कधी जाडी ठरते ती याच बेरजेने.