इंग्रजीतून इटालियन करताना कॉन्जुन्तीवोचा काळ

प्रश्न: ‘आय थिंक’, ‘आय डाउट’ची वाक्यं इटालियनमध्ये नेताना कॉन्जुन्तीवोचा, म्हणजे मत-शंका सांगणाऱ्या क्रियापदरूपाचा, कोणता काळ घ्यायचा?

उत्तर: आधी मुख्य क्रियापदाचा काळ बघा, मग ‘के’ म्हणजे ‘की’, त्यानंतरची गोष्ट त्याच वेळची आहे की आधीची, ते ठरवा. नागपुरात इटालियनची शिकवणी घेतो, वह्यांत चुका इथेच सापडतात.

नागपूर स्टेशनवरची गाडी घ्या. ‘मला वाटतं गाडी उशिरा आहे’ म्हणजे ‘पेन्सो के इल त्रेनो सीआ इन रितार्दो’. गाडी गेली असं आत्ता वाटत असेल तर ‘सीआ पार्तीतो’. ‘वाटलं होतं’ म्हटलं की दोन्ही मागे सरकतात: ‘पेन्सावो के फोस्से इन रितार्दो’ आणि ‘पेन्सावो के फोस्से पार्तीतो’. मुलं ‘पेन्सावो’ बरोबर लिहितात आणि पुढे ‘सीआ’ तसंच ठेवतात.

इंग्रजीतला ‘विल’ही फसवतो. कॉन्जुन्तीवोला भविष्यकाळ नाही, म्हणून ‘गाडी वेळेवर येईल याची शंका आहे’साठी वर्तमानच: ‘दूबितो के आर्रीवी इन ओरारियो’. ‘पेन्सो’नंतर मात्र साधा भविष्यकाळ ‘आर्रिवेरा’सुद्धा चालतो.

दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकच असेल तर ‘के’ टाळा. ‘मला वाटतं मला समजलं’ हे ‘पेन्सो दी आवेर कापीतो’ होतं. आणि ‘सेकोन्दो मे’ म्हणजे ‘माझ्या मते’ने सुरुवात केलीत तर मत असूनही साधंच क्रियापद येतं: ‘सेकोन्दो मे ए इन रितार्दो’.

बोलताना बरेच इटालियन ‘पेन्सो के’नंतरही ‘सीआ’ऐवजी ‘ए’ म्हणून मोकळे होतात. लेखी भाषांतरात ते चूक धरलं जातं.