ताट वाजवून कान तपासता येत नाहीत

मुलगा दोन वर्षांचा झाला, फक्त ‘आई’ आणि ‘बाबा’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. थांबू का?

नाही. या वयात ‘आई ये’ असे दोन शब्द जोडता यायला हवेत. याच आठवड्यात कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टची वेळ घ्या.

मागून ताट वाजवलं की मुलगी लगेच वळते. जन्मल्यावर कानाची तपासणीही झाली होती. मग पुन्हा का?

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो, आणि या ताटापायी मुलांची वर्षं वाया जातात. ताटाचा आवाज प्रचंड मोठा असतो, शिवाय त्याची कंपनं जमिनीतून जाणवतात, हलणारी सावलीही दिसते. वळण्यासाठी कान चांगले असावे लागतातच असं नाही.

कोथरूडहून सव्वादोन वर्षांची एक मुलगी आली होती. कुकरची शिट्टी, दाराची बेल, सगळ्याला ती वळायची. जन्मानंतरची ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी तपासणीही पास. पण ‘ससा’ला ती ‘अआ’ म्हणायची. तपासल्यावर कळलं, की ५०० हर्ट्झचा जाड आवाज तिला २५ डेसिबलला ऐकू येतो, ४००० हर्ट्झचा बारीक आवाज मात्र थेट ७० डेसिबलला, म्हणजे खूप मोठा केल्यावरच. स्वर जाड आणि ठसठशीत असतात. ‘स’, ‘श’ बारीक आणि हळू. घरच्यांचं बोलणं तिच्यापर्यंत अर्धंच पोचत होतं, मग ती पूर्ण शब्द शिकणार कुठून? काही मुलांचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं, म्हणून जुना पास कागद आज चालत नाही. कान तपासल्याशिवाय स्पीच थेरपी सुरू करणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

इतकं लहान मूल ऐकू आलं की नाही हे सांगणार कसं?

त्याला सांगावं लागत नाही. तान्ह्या बाळाला झोपवून, डोक्याला इलेक्ट्रोड लावून बेरा करतात. आवाजाला कानाच्या नसेकडून येणारा प्रतिसाद यंत्र टिपतं. साधारण सहा महिन्यांनंतर बाळ आवाजाकडे वळलं की त्या बाजूचं खेळणं उजळतं. त्या खेळण्यासाठी ते अगदी हळू आवाजालाही वळू लागतं. अडीच वर्षांच्या पुढे, आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. पाचेक वर्षांचं मूल मोठ्यांसारखं बटण दाबतं. याशिवाय कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का, हे टिम्पॅनोमेट्रीत कळतं. सर्दीनंतर ते फार आढळतं आणि ईएनटी डॉक्टर त्यावर उपचार करू शकतात. एकाच तपासणीवर निकाल देणाऱ्या केंद्रावर विसंबू नका: नुसती ओएई कानाच्या नसेतला दोष पकडत नाही.

मुलांना बोलतं करणारं सिरप ऑनलाइन मिळतं, द्यावं का?

नको. असं कोणतंही सिरप नाही.

बेरासाठी झोपेचं औषध देतात, भीती वाटते.

बहुतेकदा लागतच नाही. त्या दिवशी मुलाला पहाटे लवकर उठवा, वाटेत रिक्षात झोपू देऊ नका आणि तिथे पोचल्यावर पोटभर पाजा. तरीही औषध लागलं, तर ते बालरोगतज्ज्ञांना विचारून आणि त्यांच्या देखरेखीखालीच. घरून पाजून आणू नका.