सोने तारण: नोटीस न देता लिलाव

प्रश्न: फायनान्स कंपनीने नोटीस न देता माझे दागिने लिलावात काढले, तेही स्वस्तात. फरकाची रक्कम मागणारं पत्र कसं लिहू?

उत्तर: पत्रात राग नको, हिशेब हवा. करार कायदा १८७२च्या कलम १७६ प्रमाणे तारण विकण्याआधी वाजवी नोटीस द्यावी लागते आणि कर्ज फिटून उरलेली रक्कम कर्जदाराची असते.

समजा तारण पावतीवर निव्वळ वजन ४० ग्रॅम आहे. लिलावाच्या दिवशी २२ कॅरेटचा भाव ६,००० रुपये ग्रॅम, म्हणजे किंमत २,४०,०००. कंपनीने ते १,९०,०००ला विकले, व्याजासह १,७०,००० वळते केले आणि तुम्हाला २०,००० दिले. खरे तर ७०,००० मिळायला हवे होते. मागणी ५०,००० ची. खडे आणि मजुरी यात धरू नका, तिथेच कंपनी दावा खोडते.

मजकूर साधा ठेवा: "कर्ज खाते क्र. … मधील दागिन्यांच्या लिलावाची नोटीस मला मिळालेली नाही. नोटीस पाठवल्याचा पोस्टाचा पुरावा, वृत्तपत्रांतील जाहिरात, राखीव किंमत आणि विक्रीचा तपशील द्यावा. फरकाचे ५०,००० रुपये १५ दिवसांत जमा करावेत."

नोटीस बहुधा जुन्या पत्त्यावर गेलेली निघते. पत्ता बदलल्याचं तुम्ही लेखी कळवलं असेल तर ती पोच जोडा. नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

पत्र स्पीड पोस्टाने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.