पॅटर्न विसरलेला जुना फोन: आधी फोटो, रीसेट सगळ्यात शेवटी

प्रश्न: "2020 मध्ये घेतलेला सॅमसंग एम31 दीड वर्ष कपाटात पडून होता. आता चार्ज केला तर पॅटर्न आठवत नाही. बोटाचा ठसाही घेत नाही. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत बाबांनी नंदीध्वज पेलला तेव्हाचे फोटो त्यात आहेत. जीमेलचा पासवर्ड आठवतो. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो लॉक काढून देतो, फोटोंचं मात्र काही बोलत नाही. द्यावा का?"

ताई, आत्ता देऊ नका. त्याला आधी एकच विचारा: लॉक काढणार म्हणजे रीसेट मारणार का? बहुतेक उत्तर 'हो' येईल. रीसेट मारला की फोन वापरता येईल, पण फोनच्या आतले फोटो कायमचे जातील. लॉक काढणं आणि फोटो वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्हाला दुसरं हवंय, आणि दुकानात पहिलं होतं.

हे असं का, ते थोडं सांगतो, म्हणजे कोणी "डेटासकट काढून देतो" म्हणालं तर तुम्हालाच अंदाज येईल. तुमचा फोन अँड्रॉइड 10 घेऊन बाजारात आला, आणि त्या आवृत्तीपासून प्रत्येक नव्या फोनमध्ये फाइल्स कूटबद्ध ठेवणं सक्तीचं झालं. फोटो आत साठवला जातो तो उघड्या स्वरूपात नसतो. तो उघडणारी किल्ली तुमचा पॅटर्न आणि फोनच्या चिपमध्ये कोरलेलं एक गुपित, या दोन्हींतून मिळून तयार होते. म्हणून मेमरीची चिप काढून दुसरीकडे लावली तरी नुसता कचरा वाचता येतो. रीसेट केल्यावर ती किल्लीच पुसली जाते, त्यामुळे नंतर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून उपयोग होत नाही. 2014 च्या आसपासच्या फोनची गोष्ट वेगळी होती. तेव्हा पाच वेळा चुकलं की Forgot pattern? असं यायचं, जीमेलचा पासवर्ड टाकला की नवा पॅटर्न लावता यायचा आणि डेटा जसाच्या तसा राहायचा. अँड्रॉइड 5 पासून ती सोय गेली. "आमच्या भावाचा तर निघाला होता" असं सांगणारे लोक बहुधा त्या काळातल्या फोनबद्दल बोलत असतात.

ठसा का घेत नाही, तेही यातच आलं. फोन बंद होऊन परत चालू झाला की पहिल्यांदा पॅटर्नच लागतो, कारण किल्ली तयार व्हायला पॅटर्न हवा. ठसा त्यानंतरच चालतो. तुमचा फोन दीड वर्षात पूर्ण उतरला होता, म्हणजे आता ठशाचा रस्ता बंदच.

आता कामाला लागू. आधी फोन नीट बघा: मागचं झाकण उचललेलं दिसतंय का, स्क्रीनच्या कडेला फट पडलीय का? आपल्याकडचा उन्हाळा आणि कपाटातली दीड वर्षं, बॅटरी फुगलेली असू शकते. फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा आणि आधी बॅटरी बदलून घ्या. बॅटरी बदलल्याने फोटो जात नाहीत.

बॅटरी ठीक असेल तर सिमचा ट्रे बाहेर काढा. एम31 मध्ये मेमरी कार्डाला स्वतंत्र जागा आहे. कार्ड असेल तर ते कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावा आणि DCIM मधलं Camera फोल्डर उघडा. कॅमेऱ्याची सेटिंग कार्डावर असेल तर यात्रेचे फोटो तिथेच सापडतील आणि तुमचं काम तिथेच संपेल. कॉम्प्युटर म्हणाला की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का, तर Cancel करा. फोनमधूनच कार्ड कूटबद्ध केलेलं असलं तरी असंच दिसतं. तसं असेल तर ते कार्ड फक्त याच फोनमध्ये उघडेल, आणि फोन रीसेट झाला की कुठेच नाही. ते परत ट्रेमध्ये ठेवून द्या.

मग नव्या फोनवरून photos.google.com उघडा आणि जुन्या फोनमधल्याच जीमेलने आत जा. घरात दोन-तीन जीमेल असतात, प्रत्येकाने जाऊन बघा. फोटो शोधताना नावापेक्षा तारीख लावा: यात्रेतला अक्षता सोहळा भोगीला आणि होमविधी संक्रांतीला, म्हणजे त्या वर्षीच्या जानेवारीच्या मध्यावर जा. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर ते अजून असतील. मेसेज, कॉलची यादी आणि अ‍ॅपच्या डेटाचा जो वेगळा बॅकअप गूगल ठेवतं, त्याची आशा मात्र धरू नका, कारण फोन 57 दिवस वापरात नसेल तर तो पुसला जाऊ शकतो. गॅलरी OneDrive ला जोडलेली असेल तर तिथेही एकदा डोकवा.

इथे काहीच मिळालं नाही तरी सॅमसंगमध्ये एक चांगला रस्ता उरतो, आणि तो फार जणांना माहीत नसतो. सॅमसंग खात्याने smartthingsfind.samsung.com वर आत जा आणि यादीत एम31 निवडा. तिथे Unlock असं दिसलं तर तुमचं नशीब चांगलं. फोन नवीन असताना सेटिंगमध्ये Remote unlock चालू केलेलं असेल तरच हे मिळतं. त्या सेटिंगचा अर्थ असा की तुमचा पॅटर्न सुरक्षितपणे सॅमसंगकडे ठेवायला तुम्ही तेव्हाच परवानगी दिली होती. म्हणून या रस्त्याने लॉक निघतं आणि फोटोही राहतात. गूगलच्या 'फोन शोधा' सेवेत असं काही नाही. तिथून फोन शोधता येतो, कुलूपबंद करता येतो किंवा पूर्ण पुसता येतो. तिथलं पुसण्याचं बटण तर आत्ता दाबूच नका.

Unlock चालायला जुना फोन नेटवर यायला हवा, आणि लोक इथेच अडकतात. लॉक असलेल्या फोनला नवं वायफाय जोडता येत नाही, आणि दीड वर्षात घरचा राउटर बदललेला असतो. जुळे सोलापूरला माझ्या मावसभावाच्या घरी हेच झालं होतं. फोन साइटवर दिसत होता, पण ऑफलाइन. आम्ही त्याच्या नव्या फोनचं हॉटस्पॉट उघडलं आणि त्याला जुन्या राउटरचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. जुना फोन आपणहून जोडला जाईल अशी अपेक्षा होती, पण काही केल्या होईना. शेवटी भिंतीवर अजून चिकटलेला जुन्या राउटरचा कागद बघितला, तर नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि मधे एक स्पेस होती. तसं अचूक टाकलं, सुरक्षा WPA2 आणि बँड 2.4 ठेवला, आणि कुलूपबंद स्क्रीनवर वायफायची खूण उमटली. थोड्या वेळाने साइटवर फोन ऑनलाइन आला, Unlock दाबून सॅमसंगचा पासवर्ड दिला आणि स्क्रीन उघडली.

जुनं नाव किंवा पासवर्ड आठवत नसेल तर नेट चालू असलेलं सिम जुन्या फोनमध्ये घालून बघा. मोबाइल डेटा तेव्हा चालू ठेवलेला असेल तर तेवढ्यानेही काम होतं. सॅमसंग खातं कधीकधी मोबाइलवर कोड पाठवतं. त्यामुळे ज्या नंबरवर तो येणार, ते सिम नव्या फोनमध्येच राहू द्या आणि जुन्यात घरातलं दुसरं घाला.

उघडला की आधी केबल लावून, फाइल ट्रान्सफर निवडून, DCIM पूर्ण कॉपी करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो वेगळ्या ठिकाणी असतात: Android, media, com.whatsapp, WhatsApp, Media या क्रमाने आत जा. कॉम्प्युटरवर दोन-चार फोटो उघडून पाहिल्याशिवाय जुन्या फोनमधून काही पुसू नका.

Unlock दिसलंच नाही, तर तुमचा हात आणि आठवण एवढंच उरतं. पॅटर्न डोक्यापेक्षा बोटांना जास्त लक्षात असतो, त्यामुळे आठवण्याचा प्रयत्न वेगळ्या पद्धतीने करा. फोन बंद ठेवून तेव्हा धरायचात त्याच हातात धरा आणि विचार न करता काळ्या काचेवर अंगठा फिरवा. हात जिकडे वळेल ते कागदावर नऊ ठिपके काढून लिहून ठेवा. खरा प्रयत्न त्या कागदावरूनच करा आणि केलेला प्रत्येक पॅटर्न खोडत जा. नऊ ठिपक्यांचे एकूण 3,89,112 पॅटर्न होतात. पाच चुकांनंतर फोन 30 सेकंद थांबवतो आणि पुढे थांबणं वाढतच जातं. त्यामुळे आंधळेपणाने फिरवून हाती काही लागणार नाही. शिवाय काही जणांनी सेटिंगमध्ये ठरावीक चुकांनंतर फोन आपोआप रीसेट व्हावा असं लावलेलं असतं. तुम्ही ते लावल्याची जरा जरी शंका असेल तर अगदी मोजके प्रयत्न करा. फोन लहान मुलांच्या हाती तर बिलकूल देऊ नका.

आणि फोनच्या बाहेरही फोटो असतात. बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाचा फोटो एकट्या घरच्यांनी काढलेला नसतो. त्या दिवशी बाबांच्या सोबत जे मानकरी आणि शेजारी होते, त्यांना आजच विचारा. तुम्ही तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकलेले फोटोही कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असतील. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आधीच आकसलेला फोटो आणखी आकसतो.

हे सगळं करूनही फोटो मिळाले नाहीत आणि फोन तरी वापरात आणायचा असेल, तर रीसेट घरीच होतो. त्याला दुकानाची गरज नाही. कार्ड आणि सिम काढून ठेवा. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, कारण अपडेट झालेल्या सॅमसंगमध्ये केबलशिवाय हा मेनू येत नाही. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा. स्क्रीन काळी होताच लगेच पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण दाबून धरा आणि लोगो आला की सोडा. आवाजाच्या बटणाने Wipe data/factory reset वर जा, पॉवरने निवडा, मग Factory data reset. हे झालं की Reboot system now.

चालू झाल्यावर फोन आधीचंच जीमेल मागेल. हे चोरीविरुद्धचं कुलूप आहे, ते चुकवायच्या भानगडीत पडू नका. पासवर्ड तुम्हाला आठवतोय, मग अडचण नाही. फक्त तो रीसेटच्या आधी नव्या फोनवर टाकून खात्री करा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेट करायला 24 तास थांबा. जीमेलही हाती लागलं नाही, तर खरेदीचं बिल आणि आयएमईआय लिहिलेला खोका घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. मालकी पटली तर ते फोन मोकळा करून देतात, पण डेटा तिथेही जातोच.

तुम्ही आज दोनच गोष्टी करा: ट्रे उघडून कार्ड आहे का बघा, आणि सॅमसंगच्या साइटवर Unlock दिसतं का ते बघा. काय दिसलं ते सांगा, पुढचं त्यावर ठरवू.