बारीक मुलाला सुई सरळ की तिरकी?

"मुलगी सहा वर्षांची आहे, अगदी काटकुळी. इन्सुलिनच्या पेनला लावायला ६ मिमीच्या सुया मिळाल्यात. मांडीत सरळ टोचू की तिरकी? स्नायूत जाईल म्हणून हात थरथरतो."

ताई, जमलं तर सुई बदला, ४ मिमीची घ्या. त्वचेची जाडी लहान-मोठ्यांत, बारीक-जाड्यांत फारशी बदलत नाही, साधारण २ ते अडीच मिमी असते. बदलतो तो तिच्याखालचा चरबीचा थर, आणि काटकुळ्या मुलाच्या मांडीत तो अगदी पातळ असतो. ४ मिमीची सुई त्वचा पार करते आणि सहसा चरबीतच थांबते. ती सरळच टोचायची. तिरकी केली तर इन्सुलिन त्वचेतच अडकू शकतं किंवा बाहेर येतं. पण मुलगी सहाच वर्षांची आहे, म्हणून ४ मिमीलाही त्वचेचा चिमटा धराच.

तोवर ६ मिमीच वापरायची असेल, तर चिमटा धरून ४५ अंशांत टोचा. सहाला साधारण ०.७ ने गुणलं की ४.२ मिमी खोली येते, म्हणजे जवळपास छोट्या सुईइतकीच. ८ मिमीची तिरकी धरली तरी साडेपाच मिमीच्या पुढे जाते. एवढ्या बारीक मुलीला ती नकोच.

चिमटा अंगठा आणि तर्जनीनेच, हलका. पूर्ण मुठीने मांडी धरली की स्नायूही वर उचलला जातो आणि सुई नेमकी त्यातच जाते. सुई आत, बटण पूर्ण दाबलं, दहापर्यंत मोजलं, सुई बाहेर, मग चिमटा सोडायचा. पेन त्वचेवर दाबून खड्डा पाडू नका, तेवढी सुई खोल जाते.

आमच्या मुलाला सुरुवातीला ८ मिमीची सुई दिली होती. ती मांडीत सरळ टोचून तो खेळायला पळाला आणि तासाभरात घामाघूम होऊन आला. साखर ५४. डोस तोच, जेवणही तेच. स्नायूतून इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि स्नायू चालू असेल तर आणखीच लवकर. तेव्हा मी डोसच चुकला असं समजत राहिले. एकाच डोसवर साखर कधी धाडकन खाली, कधी नीट, असं होत असेल तर आधी सुई आणि जागा बघा. टोचताना खोल कळ आली, रक्त आलं तर शंका घ्या, पण बरेचदा काहीच जाणवत नाही.

सडपातळ मोठ्यांनाही हेच लागू. दंडावर स्वतःचा चिमटा एका हाताने धरता येत नाही, म्हणून त्यांनी दंड टाळलेला बरा. चरबी सर्वांत जास्त कुल्ल्यावर असते, पोटावरही मांडीपेक्षा बरी असते. तुमच्या मुलीला खेळायच्या आधीचं इंजेक्शन तिथेच द्या. सुई बदलल्यावर पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा, आकडे बदलले तर डोस डॉक्टरांना विचारूनच हलवा.